सभासद वर्गणीचा अंदाज: उशिरा भरणारे आणि गळणारे धरून हिशेब कसा मांडावा

बहुतेक संघांच्या अंदाजपत्रकात वर्गणीची ओळ एकाच पद्धतीने तयार होते. सभासद यादीतली नावे मोजायची, वर्गणीच्या रकमेने गुणायचे, मागची थकबाकी त्यात मिळवायची, नव्या सभासदांचा एक गोल आकडा वर ठेवायचा आणि बेरीज मांडायची. कार्यकारिणीच्या सभेत हा आकडा कुणाला खटकत नाही. खटकतो तो पुढच्या जानेवारीत, वर्धापनदिनाची बिले देऊन झाल्यावर खात्यात हॉलचे भाडे द्यायलाही पैसे उरलेले नसतात तेव्हा.

आकडा चुकतो, कारण यादीत तीन वेगळ्या प्रकारची माणसे एकत्र असतात: वेळेवर भरणारी, उशिरा भरणारी आणि मनाने संघ सोडून गेलेली पण तसे न सांगितलेली. शेवटच्या दोन प्रकारांत वर्षाच्या मध्यावर फरक दिसतच नाही. सप्टेंबरात दोघांच्याही नावापुढे कोरी जागा असते. त्यातला कोण डिसेंबरात येऊन भरेल आणि कोण कधीच येणार नाही हे एकेका माणसाबद्दल सांगता येत नाही. सगळ्या गटाबद्दल मात्र बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते, आणि त्यासाठी लागणारी माहिती तुमच्या जुन्या पावती पुस्तकांत आधीपासूनच असते.

इथे उदाहरण म्हणून एक मध्यम आकाराचा ज्येष्ठ नागरिक संघ घेतो. वार्षिक वर्गणी ६०० रुपये, प्रवेश शुल्क १०० रुपये, आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. तुमचे आकडे तुम्हाला तुमच्याच दप्तरातून काढायचे आहेत. वाचनालय, व्यापारी संघटना, माजी विद्यार्थी संघ, परदेशातले महाराष्ट्र मंडळ, जिथे वार्षिक वर्गणी आहे तिथे रीत हीच.

आधी यादी साफ करा

आजीव सभासद बाजूला काढा. त्यांनी एकदा भरलेली रक्कम ठेवीत असते आणि दरवर्षी मिळते ते फक्त व्याज; ते वर्गणीच्या ओळीत नको. मानद सभासदही बाजूला. मग दिवंगत झालेले आणि राजीनामा दिलेले. हे काम सोपे वाटते, पण ज्येष्ठांच्या संघात गावातून मुलाकडे कायमचे राहायला गेलेले बरेच असतात आणि त्यांनी राजीनामा दिलेला नसतो. वाढदिवसाचे फोन करणारे किंवा विभागवार निरोप पोचवणारे जे कार्यकर्ते असतात, त्यांच्यासोबत बसून यादी वाचली तर अशी दहा-बारा नावे एका संध्याकाळी निघतात.

पती-पत्नी दोघे सभासद असतील तर तशी खूण करा. जोडीतला एक गेला किंवा आजारी पडला की दुसऱ्याचेही येणे थांबते, असे पुष्कळदा घडते. म्हणजे गळती एकेकट्याने न होता जोडीने होते, आणि जोड्या जास्त असलेल्या संघात एखादे वर्ष अचानक जड जाऊ शकते.

उरलेली नावे म्हणजे तुमची मागणी. १ एप्रिल रोजी ज्यांच्याकडून वर्गणी येणे अपेक्षित आहे ते जुने सभासद, एवढाच तिचा अर्थ. वर्षभरात नव्याने येणाऱ्यांना यात धरायचे नाही. ते धरले की नव्यांच्या पैशाने जुन्यांची गळती झाकली जाते आणि ती कितीतरी वर्षे कळत नाही.

पावतीवर दोन गोष्टी असतात, दोन्ही टिपा

प्रत्येक पावतीवर पैसे मिळाल्याची तारीख असते आणि वर्गणी कोणत्या वर्षाची तेही असते. कीर्दीत पहिली गोष्ट उतरते, दुसरी बऱ्याचदा हरवते. अंदाजासाठी दोन्ही हव्यात. मार्च महिन्यात आलेले एखादे आजोबा बाराशे रुपये देतात. त्यातले सहाशे चालू वर्षाच्या थकीत वर्गणीचे आणि सहाशे पुढच्या वर्षाचे आगाऊ. एकाच पावतीवर ‘वर्गणी १,२००’ असे लिहिले तर चालू वर्ष फुगते आणि पुढच्या एप्रिलमध्ये एक माणूस कमी दिसतो. अशा वेळी दोन पावत्या फाडा, किंवा निदान एकाच पावतीवर दोन ओळी करा.

दुसरी हरवणारी गोष्ट म्हणजे यूपीआयने आलेली रक्कम. मुलगा परस्पर वडिलांची वर्गणी पाठवतो, बँकेच्या उताऱ्यावर मुलाचे नाव येते, आणि ती रक्कम ‘अनामिक जमा’ म्हणून पडून राहते. वडील मात्र यादीत थकबाकीदार. अंदाज बांधायला बसण्यापूर्वी अशा सगळ्या रकमांचे धनी शोधा. क्यूआर कोडच्या फलकाखालीच ‘सभासद क्रमांक लिहा’ असे ठळक लिहून ठेवले की पुढचे काम खूप हलके होते.

मागच्या किमान दोन पूर्ण वर्षांच्या आणि चालू वर्षाच्या पावत्या एका तक्त्यात उतरवा. स्तंभ पाच: सभासद क्रमांक, पावतीची तारीख, वर्गणीचे वर्ष, रक्कम आणि गट. वर्षात नव्याने आलेल्यांच्या गटात N लिहा, जुन्यांच्या J. तक्त्याच्या पानाला Pavtya नाव दिले असेल, तर एप्रिल ते जून या तिमाहीत आलेल्या जुन्या सभासदांच्या पावत्या अशा मोजता येतात:

```
=COUNTIFS(Pavtya!C:C,"2024-25",
 Pavtya!E:E,"J",
 Pavtya!B:B,">="&DATE(2024,4,1),
 Pavtya!B:B,"<="&DATE(2024,6,30))
```

हे सूत्र पावत्या मोजते, माणसे नाही. कुणी दोन हप्त्यांत भरले असेल तर ते दोनदा मोजले जाईल. अशा ठिकाणी वर्गणी पूर्ण झाली ती दुसरी पावती ठेवा आणि पहिलीसमोर गटाचा रकाना मोकळा सोडा. तारखेचा स्तंभ खरोखर तारीख म्हणूनच भरला आहे ना, हेही पाहा. १२.०५.२०२४ असे टिंबे देऊन लिहिलेली तारीख बहुधा मजकूर म्हणून बसते आणि सूत्र तिला मोजतच नाही. उत्तर हाती मोजलेल्या एका पुस्तकाशी ताडून बघितले की चूक लगेच लक्षात येते.

तिमाहीचा तक्ता

आता प्रत्येक वर्षाची मागणी आणि त्या वर्षाची वर्गणी केव्हा केव्हा आली ते मांडा. आपण जानेवारी २०२६ मध्ये बसलो आहोत आणि २०२६-२७ चा अंदाज करायचा आहे असे धरू. हा काळ मुद्दाम घेतला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या संस्थांना हिशेबाचे वर्ष सुरू होण्याच्या महिनाभर आधी अंदाजपत्रक धर्मादाय कार्यालयाला द्यायचे असते. म्हणजे अंदाज बांधताना चालू वर्ष कधीच पूर्ण झालेले नसते.

| वर्गणीचे वर्ष | मागणी | एप्रिल–जून | जुलै–सप्टें. | ऑक्टो.–डिसें. | जाने.–मार्च | पुढच्या वर्षी आले | आलेच नाहीत |
|---|---|---|---|---|---|---|---|
| २०२३-२४ | ५०० | २६० | ९० | ५५ | ३० | १६ | ४९ |
| २०२४-२५ | ५२० | २६५ | ९४ | ५८ | ३२ | १७ | ५४ |
| २०२५-२६ | ५४० | २६४ | १०० | ६२ | ? | ? | ? |

(२०२४-२५ ची ‘पुढच्या वर्षी आले’ ही संख्या डिसेंबरअखेरची आहे. त्यानंतर एखाद-दुसरा येईल. त्याने चित्र बदलत नाही.)

हा तक्ता घाईने वाचू नका. जूनअखेर पहिल्या वर्षी ५२ टक्के सभासदांनी वर्गणी भरली होती, दुसऱ्या वर्षी ५१, आणि यंदा ४९. एवढेच पाहिले तर सभासद दुरावत आहेत असे वाटेल. पण मार्चअखेरचा आकडा पाहा: पहिल्या वर्षी ८७ टक्के, दुसऱ्या वर्षी ८६. भरणाऱ्यांचे प्रमाण फारसे घटलेले नाही, पैसे यायचा काळ पुढे सरकला आहे. ही दोन दुखणी वेगळी आणि उपायही वेगळे. उशीर वाढला तर रोख रकमेची ओढाताण होते. गळती वाढली तर उत्पन्नच कमी होते. दोन्ही एकाच ‘थकबाकी’ या शब्दाखाली टाकली की संघ चुकीच्या जागी धावतो.

यंदाचे प्रश्नचिन्ह भरण्यासाठी एक साधी रीत आहे. डिसेंबरअखेर ज्यांनी भरली नव्हती, त्यातल्या किती जणांनी मार्चपर्यंत भरली? २०२३-२४ मध्ये ९५ बाकी होते, ३० आले: सुमारे ३२ टक्के. २०२४-२५ मध्ये १०३ बाकी होते, ३२ आले: ३१ टक्के. यंदा डिसेंबरअखेर ११४ बाकी आहेत. ३१ टक्क्यांनी ३५ जण येतील असे धरू. मग मार्चअखेर ४६१ भरलेले आणि ७९ न भरलेले.

इथे मागणीवरचे टक्के न घेता बाकी राहिलेल्यांवरचे टक्के घेतले, याला कारण आहे. यंदा लोक उशिरा येत आहेत, त्यामुळे डिसेंबरअखेर बाकीचा ढीग थोडा मोठा आहे आणि त्यात येणारेही थोडे जास्त असणार. मागणीच्या सहा टक्के असा सरळ नियम लावला असता तर ३२ आले असते आणि उशिराने येणारे तीन जण आपण गळालेल्यांत टाकले असते.

याच रीतीने मार्चअखेरच्या थकबाकीचेही पाहा. पहिल्या वर्षीच्या ६५ थकबाकीदारांपैकी १६ पुढच्या वर्षी आले, दुसऱ्या वर्षीच्या ७१ पैकी १७. म्हणजे साधारण चौथा हिस्सा. यंदाच्या ७९ थकबाकीदारांकडून येणे ४७,४०० रुपये. त्यातले १९ जण, ११,४०० रुपये, एवढेच पुढच्या वर्षी हातात पडतील असे धरायचे. उरलेले ३६,००० कागदावरचे आहेत. ताळेबंदात ‘वर्गणी येणे’ म्हणून हा सगळा आकडा वर्षानुवर्षे वाढत जाताना दिसला, तर त्याला फार जपू नका. लेखापरीक्षकाशी बोलून, कार्यकारिणीत ठराव करून जुनी येणी निर्लेखित करा.

सभासदांचे तीन गट

एकंदर ८६ टक्के हा आकडा पुढच्या वर्षीच्या यादीला सरसकट लावता येईल का? यादीची घडण तीच राहिली तर येईल. पण ती राहत नाही. म्हणून यादी तीन गटांत फोडा: ज्यांनी मागच्या वर्षी वर्गणी भरली होती असे जुने, मागच्या वर्षी नवे आले आणि आता पहिल्यांदाच नूतनीकरण करणार आहेत ते, आणि ज्यांची मागची वर्गणी थकली आहे पण नाव अजून यादीत आहे ते.

आपल्या उदाहरणात २०२४-२५ च्या ५२० जणांची फोड अशी निघाली. जुने ४२५, त्यातल्या ४०४ जणांनी वर्षात भरली, म्हणजे ९५ टक्के. पहिल्या नूतनीकरणाचे ५०, त्यातले ३७, म्हणजे ७४ टक्के. थकलेले ४५, त्यातले ८, म्हणजे १८ टक्के. बेरीज ४४९; तक्त्याशी जुळते. ही जुळणी प्रत्येक वेळी करा. ती जुळली नाही तर कुणीतरी दोन गटांत आहे किंवा एकाही गटात नाही.

९५ आणि ७४ यांतले अंतर फार महत्त्वाचे आहे. पाच-सात वर्षे संघात असलेला माणूस सहसा तब्येत, स्थलांतर किंवा मृत्यू यामुळेच जातो. नवा माणूस मात्र संघ आवडला नाही म्हणूनही जातो, आणि बऱ्याचदा तो एखाद्या सहलीपुरता किंवा आरोग्य शिबिरापुरता आलेला असतो. अष्टविनायकाच्या सहलीला सभासदत्वाची अट घातली की त्या महिन्यात वीस नवे अर्ज येतात. पुढच्या एप्रिलमध्ये त्यातले किती उरतात ते तुमच्याच नोंदीत पाहा. अशी लाट आलेल्या वर्षानंतर पहिल्या नूतनीकरणाचा दर नेहमीपेक्षा खाली धरावा लागतो.

आता २०२६-२७ ची मागणी. यंदा भरणाऱ्या ४६१ पैकी यादी वाचताना ११ नावे दिवंगत किंवा कायमचे बाहेरगावी गेलेली निघाली, उरले ४५०. यंदा नवे आलेले ६०. थकलेले ७९, त्यातल्या २४ जणांची सलग दोन वर्षांची वर्गणी बाकी आहे. घटनेतल्या नियमाप्रमाणे त्यांची नावे कमी होतील, उरतील ५५. एकूण मागणी ५६५.

जुन्या ४५० पैकी ९५ टक्के म्हणजे ४२७. पहिल्या नूतनीकरणाच्या ६० पैकी ७४ टक्के म्हणजे ४४. थकलेल्या ५५ पैकी १८ टक्के म्हणजे १०. एकूण ४८१ जण वर्षाच्या आत वर्गणी भरतील, आणि ती होते २,८८,६०० रुपये.

मागची थकबाकी भरणारे १९ आणि थकलेल्या गटातून चालू वर्गणी भरणारे फक्त १० हे विसंगत वाटेल. तसे नाही. बरेच जण मागची बाकी चुकती करतात आणि चालू वर्षाची पुन्हा पुढे ढकलतात. कायमचे एक वर्ष मागे चालणारे सभासद प्रत्येक संघात असतात. ते गळालेले नाहीत आणि त्यांना तसे धरू नये.

नव्या सभासदांसाठी मागच्या तीन वर्षांतला सर्वांत लहान आकडा घ्या. इथे तो ५० आहे. वर्गणीचे ३०,००० आणि प्रवेश शुल्काचे ५,०००. यंदा ६० आले म्हणून ६५ धरावेत असा मोह होतो, पण हे पैसे कुणाकडूनही येणे नसतात. त्यांच्या भरवशावर पक्का खर्च ठरवू नये.

एकूण अंदाज: २,८८,६०० अधिक थकबाकीचे ११,४०० अधिक नव्यांचे ३५,०००, म्हणजे ३,३५,००० रुपये. सुरुवातीला सांगितलेल्या पद्धतीने ५६५ जणांची पूर्ण वर्गणी, सगळी थकबाकी आणि हेच ५० नवे धरले असते तर ४,२१,४०० आले असते. फरक ८६,४०० रुपयांचा.

पैसा कोणत्या तिमाहीत येईल

वर्षाची बेरीज बरोबर असूनही संघ अडचणीत येतो, कारण खर्च दरमहा असतो आणि वर्गणी एकदम येते. ज्यांनी वर्षाच्या आत भरली त्यांच्यापैकी एप्रिल–जूनमध्ये भरणारे पहिल्या वर्षी ६० टक्के होते, मग ५९, यंदा ५७. ही घसरण एका दिशेने चालली आहे, म्हणून पुढच्या वर्षाला सरासरी न लावता ५६ धरू. बाकीच्या तिमाहींना २२, १४ आणि ८. त्याप्रमाणे ४८१ जणांची वाटणी २६९, १०६, ६७ आणि ३९ अशी होते. रुपयांत १,६१,४००, ६३,६००, ४०,२०० आणि २३,४००.

समोर खर्च मांडा. हॉलचे भाडे, वीजबिल, मदतनिसाचे मानधन आणि किरकोळ मिळून महिना २२,०००, म्हणजे तिमाहीला ६६,०००. वर्धापनदिन डिसेंबरात, त्याचे ४०,०००. पहिल्या तिमाहीत ९५,४०० शिल्लक पडतात. सप्टेंबरअखेर ९३,०००. डिसेंबरअखेर २७,२००. मार्चअखेर उणे १५,४००. यात थकबाकी आणि नव्या सभासदांचे ४६,४०० मिळवले तर वर्ष ३१,००० च्या शिलकीत संपते. पण ते पैसे नेमके केव्हा येतील हे हातात नाही. जूनअखेर खात्यात लाखभर दिसतात तेव्हा नवीन ध्वनिक्षेपक घ्यावा असे सभेत कुणीतरी सुचवतेच. त्या वेळी हा तक्ता समोर ठेवा. ती रक्कम पुढच्या नऊ महिन्यांच्या भाड्याची आहे.

मार्चमध्ये आलेली पुढच्या वर्षाची वर्गणीही याच कारणाने ‘आगाऊ वर्गणी’ म्हणून वेगळी दाखवावी. ती खर्च केली तर पुढचा एप्रिल तेवढ्याने कोरडा जातो.

दर काढताना कोणते वर्ष वगळावे

निवडणुकीचे वर्ष. संस्था नोंदणी अधिनियम १८६० च्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मतदान करता येत नाही आणि त्या अधिनियमाखालच्या कामकाजात तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. त्यामुळे कार्यकारिणीची निवडणूक चुरशीची असेल तर मतदार यादी पक्की होण्याआधी उमेदवारच थकबाकीदारांना घेऊन येतात, कधी कधी एका हाताने दहा-दहा पावत्या फाडल्या जातात. त्या वर्षी थकलेल्या गटाचा दर १८ वरून ५० टक्क्यांवर गेलेला दिसेल. तो पुढच्या वर्षी टिकत नाही. असे वर्ष तक्त्यात ठेवा, पण दर काढताना बाजूला काढा आणि पुढच्या निवडणुकीच्या वर्षाचा अंदाज करताना पुन्हा वापरा. वर्गणीचा थकीत काळ कधीपासून मोजायचा हे मात्र तुमच्या घटनेत दिलेल्या अंतिम तारखेवर ठरते. ती तारीखच लिहिलेली नसेल तर आधी ते दुरुस्त करा.

वर्गणी वाढवण्याचे वर्षही वेगळेच असते. ६०० च्या ७०० केल्या तर ४८१ ला ७०० ने गुणू नका. उलटा प्रश्न विचारा: किती जण सोडून गेले तरी उत्पन्न तेवढेच राहील? २,८८,६०० भागिले ७०० म्हणजे ४१३ जण. म्हणजे ६८ जण कमी झाले तर वाढीचा सगळा फायदा गेला. एवढे सहसा जात नाहीत, पण पहिल्या वर्षी ‘बघू, दिवाळीनंतर भरू’ म्हणणारे वाढतात, म्हणून पहिल्या तिमाहीचा वाटा आणखी दोन-तीन टक्क्यांनी खाली धरावा.

जूनअखेर अंदाज तपासणे

समजा ३० जूनला २६९ ऐवजी २४० पावत्याच झाल्या. २९ कमी. इथे दोन चुका होतात. एक म्हणजे ‘येतील हळूहळू’ म्हणून ४८१ वरच थांबणे. दुसरी म्हणजे २४० ला ५६ टक्क्यांनी भागून ४२९ जणच येणार म्हणणे आणि घाबरून कार्यक्रम रद्द करणे. पुन्हा बाकीच्यांकडे पाहा. जूनअखेर न भरलेल्यांपैकी मार्चपर्यंत किती जण भरतात? पहिल्या वर्षी २४० पैकी १७५, म्हणजे ७३ टक्के. दुसऱ्या वर्षी २५५ पैकी १८४, म्हणजे ७२. तिसऱ्या वर्षी २७६ पैकी १९७ धरले आहेत, म्हणजे ७१. आता ५६५ वजा २४०, बाकी ३२५. त्यांचे ७१ टक्के २३१. एकूण ४७१. मूळ अंदाजापेक्षा दहा जण, म्हणजे ६,००० रुपये कमी. सुधारित आकडा हा.

हा आकडा ‘बाकी राहिलेली माणसे नेहमीसारखीच आहेत’ या गृहीतावर उभा आहे. ते तपासायला नावांकडे जावे लागते. प्रत्येक जुन्या सभासदासमोर मागच्या तीन वर्षांत त्याने कोणत्या तिमाहीत भरली ते लिहून ठेवा: १-१-१, ३-३-४, १-२-१ असे. ३-३-४ असलेल्याचे नाव जुलैत कोरे असेल तर काळजीचे कारण नाही. तो माणूस वर्धापनदिनाला येतो आणि टेबलावर पैसे ठेवतो. १-१-१ असलेल्याने यंदा जूनपर्यंत भरली नसेल तर काहीतरी बदलले आहे. अशी वीस-पंचवीस नावेच निघतील. त्यांना फोन करा, आणि फोन वर्गणीचा नसावा, चौकशीचा असावा: ‘काका, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत, तब्येत बरी ना?’ उत्तरात सगळे कळते. गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, मुलीकडे नाशिकला आहेत, पत्नी गेल्यापासून बाहेर पडत नाहीत, किंवा नुसतेच विसरले आहेत.

प्रत्येक फोननंतर नावासमोर तीनपैकी एक खूण करा: येणार, जाणार, अनिश्चित. ‘जाणार’ म्हणून कळलेले १-१-१ चे सभासद सात-आठपेक्षा जास्त निघाले तर जुन्या गटाचा ९५ टक्क्यांचा दर यंदा लागू नाही, तो ९२-९३ वर आणा. या गटातला एक टक्का म्हणजे साडेचार माणसे, २,७०० रुपये. थकलेल्या गटाचा दर १८ चा २० झाला तर मात्र जेमतेम एक माणूस वाढतो. म्हणून वसुलीची स्मरणपत्रे लिहिण्यात जाणारा वेळ या वीस-पंचवीस फोनांना द्यावा असे माझे ठाम मत आहे. दोन वर्षे न भरलेल्या माणसामागे लागून संघाला फारसे काही मिळत नाही.

हीच तपासणी सप्टेंबरअखेर पुन्हा करा, वर्धापनदिनाचा खर्च मंजूर होण्याच्या सभेआधी. तेव्हाचे दर तक्त्यातून तसेच काढा: सप्टेंबरअखेर बाकी किती आणि मार्चपर्यंत आले किती. पहिल्या वर्षी १५० पैकी ८५, दुसऱ्या वर्षी १६१ पैकी ९०, म्हणजे दोन्ही वर्षी ५६-५७ टक्के. डिसेंबरच्या खर्चाचा आकडा या दुसऱ्या तपासणीनंतरच पक्का करायचा, असे अंदाजपत्रकाच्या ठरावातच लिहून घ्या.